तिकीट खिडकीची रांग आणि संगणकातली क्यू

प्रश्न: डेटा स्ट्रक्चर नुकतंच शिकायला घेतलंय. क्यू म्हणजे रेल्वे स्टेशनवरच्या तिकीट खिडकीची रांग, असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि तेवढं कळतं. पण मग साधी लिस्ट असताना ही वेगळी क्यू कशाला? आणि फ्रंट, रिअर, सर्क्युलर हे सगळं त्यात कुठून आलं? रांगेत तर असलं काही नसतं. कोणी सुरुवातीपासून समजावून सांगेल का?

उत्तर:

तिकीट खिडकीचं उदाहरण चांगलं आहे, पण ते एका जागी तुटतं. फ्रंट आणि सर्क्युलरबद्दलचा तुमचा गोंधळ त्या तुटलेल्या जागेतूनच आला आहे. बहुतेक ठिकाणी उदाहरण देतात आणि ते कुठे तुटतं हे सांगायचं राहून जातं. म्हणून आधी ते जिथवर चालतं तिथवर जाऊ, मग तुटतं तिथे थांबू.

एक स्टेशन, एकच तिकीट खिडकी, आत एक कारकून. नवा माणूस आला की तो शेवटच्या माणसाच्या मागे उभा राहतो. खिडकीशी असलेल्याला तिकीट मिळालं की तो बाजूला होतो आणि त्याच्या मागचा खिडकीशी येतो. या सगळ्या प्रकारात काहीतरी घडतं ते फक्त दोन जागी: मागच्या टोकाला माणूस जोडला जातो आणि पुढच्या टोकाचा माणूस कमी होतो. मधल्या लोकांच्या बाबतीत काहीही होत नाही, त्यांनी फक्त थांबायचं. कारकुनालाही रांगेत किती जण आहेत, सातव्या नंबरावर कोण आहे, याच्याशी देणंघेणं नसतं. तो फक्त 'पुढचा' एवढंच म्हणतो.

क्यू म्हणजे एवढंच. मागे माणूस उभा करण्याच्या क्रियेला एन्क्यू म्हणतात, पुढचा काढून घेण्याला डीक्यू, आणि न काढता नुसतं पुढे कोण उभा आहे ते पाहण्याला पीक. पुढच्या टोकाला फ्रंट आणि मागच्याला रिअर. इथे नवशिके हमखास एक चूक करतात: नुकताच आलेला तो 'पुढे' असं त्यांना वाटतं. तसं नाही. फ्रंट म्हणजे खिडकीकडचं टोक, तिथे सगळ्यात जुना माणूस असतो. नवा नेहमी रिअरला. कोड लिहिताना गोंधळ झाला की डोळ्यांपुढे खिडकी आणा आणि विचारा, खिडकी कुठल्या टोकाला आहे?

आता लिस्ट असताना हे वेगळं प्रकरण कशाला, ते पाहू. लिस्ट तुम्हाला सगळं करू देते. तिसऱ्या जागी कुणाला घुसवा, पाचव्याला मधूनच काढा, सगळ्यांना उलटं उभं करा. क्यू यातलं काहीच करू देत नाही, आणि तिचा उपयोग नेमका या नकारात आहे. रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला तिच्याकडून एक वचन मिळालेलं असतं: तुझ्यानंतर आलेल्या कुणाचाही नंबर तुझ्याआधी लागणार नाही. कारकून काम करत राहिला तर तुझा नंबर येणारच. प्रोग्राममध्ये कुणीतरी `insert(2, x)` लिहू शकत असेल तर हे वचन कागदावरच राहतं. म्हणून आपण लिस्टभोवती एक भिंत घालतो, तिला दोनच दारं ठेवतो आणि तिला क्यू म्हणतो. आत काय आहे हा वेगळा प्रश्न आहे. आत लिस्ट असेल, अ‍ॅरे असेल, एकमेकांना जोडलेल्या गाठी असतील. बाहेरून वचन तेच.

वचन उलटं केलं तर काय होतं तेही बघा. समजा कारकुनाने ठरवलं, जो सगळ्यात शेवटी आला त्याला आधी बोलवायचं. तर सकाळी पहिला आलेला माणूस, मागून लोक येत राहिले तर, रात्रीपर्यंत तिथेच. याला स्टॅक म्हणतात. त्याचे उपयोग वेगळे आहेत, पण थांबलेल्या माणसांसाठी तो नाही. तुम्ही टाइप करत असता, संगणक क्षणभर अडकतो, आणि सुटल्यावर दाबलेली सगळी अक्षरं धाडधाड उमटतात, तीही त्याच क्रमाने. ती मधल्या वेळात एका क्यूमध्ये उभी होती. स्टॅकमध्ये असती तर शब्द उलटा उमटला असता.

एक गोष्ट उदाहरणात सहज निसटते: रिकामी रांग. कारकून 'पुढचा' म्हणतो आणि समोर कुणीच नाही. खऱ्या खिडकीवर तो आपोआप थांबतो, कुणी येईपर्यंत बसून राहतो. प्रोग्राममध्ये आपोआप काही होत नाही, ते तुम्हाला ठरवावं लागतं: चूक म्हणून सांगायचं, 'कुणी नाही' असं उत्तर द्यायचं, की कुणी येईपर्यंत थांबायचं. तिन्ही बरोबर आहेत, पण कुठलं ते आधी ठरवा. मी नवख्यांचा कोड तपासतो तेव्हा सगळ्यात आधी रिकाम्या रांगेतून काढून बघतो. निम्मे तिथेच पडतात.

आता उदाहरण तुटतं ती जागा.

रांगेत पन्नास जण आहेत. पहिल्याचं तिकीट झालं, तो गेला. उरलेले एकोणपन्नास जण काय करतात? एकेक पाऊल पुढे सरकतात. आपल्याला यात विशेष काही वाटत नाही, कारण प्रत्येकाला स्वतःचे पाय आहेत आणि सगळे एकदम सरकतात. कारकुनाला त्याचे कष्ट पडत नाहीत.

संगणकाच्या मेमरीत ठेवलेल्या आकड्याला पाय नसतात. त्याला पुढच्या जागी न्यायचं तर कुणीतरी उचलून न्यावं लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे प्रोसेसर, म्हणजे तोच ज्याला तिकिटंही द्यायची आहेत. कल्पना करा, कारकून एक तिकीट देतो, मग खिडकी बंद करून बाहेर येतो, रांगेतल्या एकोणपन्नास जणांना एकेक करून उचलून पाऊलभर पुढे ठेवतो, आणि मग आत जाऊन 'पुढचा' म्हणतो. पायथॉनच्या लिस्टवर `pop(0)` लिहिलं की साधारण हेच घडतं: पहिला निघाला की बाकी सगळे एकेक घर डावीकडे आणले जातात.

पन्नास जणांना हे जाणवतही नाही. पण रांगेत एक लाख जण असतील आणि सगळी रांग संपवायची असेल, तर सरकवण्याची एकूण कामं होतात सुमारे पाचशे कोटी. पहिल्या वेळी जवळपास एक लाख, मग त्याहून एक कमी, असं करत शेवटी शून्य, याची बेरीज. रांग दहापट लांब झाली की हे काम शंभरपट होतं. हे लक्षात ठेवा, कारण यातून होणारा बिघाड चाचणीत कधीच दिसत नाही.

मी स्वतः एकदा यात पडलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ठिकाणी संदेश पाठवणारा प्रोग्राम सी भाषेत लिहिला होता. संदेश रांगेत येणार, प्रोग्राम पुढचा उचलणार, पाठवणार. प्रत्येक नोंद दोनशे बाइटची, आणि काढल्यावर मी बाकीच्या सगळ्या नोंदी एक घर पुढे कॉपी करत होतो. चाचणीत शे-दोनशे संदेश होते, सगळं झकास. एके दिवशी पुढची यंत्रणा काही तास बंद पडली आणि रांगेत दोन लाख नोंदी साचल्या. यंत्रणा सुरू झाली, पण रांग उतरेना. एक नोंद काढायला चार कोटी बाइट सरकवावे लागत होते. रांग लांब म्हणून काम हळू, काम हळू म्हणून आणखी माणसं साचणार, म्हणून रांग अजून लांब. असा भोवरा. चूक संपूर्णपणे माझी होती. शोधायला वेळ लागला, कारण मी संदेश पाठवण्याचा भाग तपासत बसलो होतो, रांगेवर संशयच घेतला नाही. तुमच्याकडे असं झालं तर ओळखायची खूण अशी: एका नोंदीला लागणारा वेळ रांगेच्या लांबीबरोबर वाढतोय का, ते पाहा. नीट बांधलेल्या रांगेत तो वाढता कामा नये. पुढे पाच असोत वा पाच लाख, एक काढायला सारखाच वेळ लागला पाहिजे.

मग उपाय काय? माणसांना हलवायचंच नाही. स्टेशनवर उभ्या रांगेऐवजी खुर्च्या मांडल्या आहेत असं समजा. आलेला माणूस ज्या खुर्चीवर बसला तिथेच त्याचा नंबर येईपर्यंत बसून राहील. कारकुनाच्या हातात एक चिठ्ठी, तिच्यावर लिहिलेलं: 'आता नंबर कुठल्या खुर्चीचा'. एक तिकीट झालं की चिठ्ठीवरचा आकडा एकने वाढवायचा. माणसं जागची हलत नाहीत, चिठ्ठीवरचा आकडा हलतो. हा आकडा म्हणजेच तुम्हाला परका वाटलेला `front`. उभ्या रांगेत त्याची गरज नसते, कारण तिथे पुढचं टोक कायम खिडकीलाच चिकटलेलं असतं. खुर्च्यांच्या रांगेत ते टोक सरकत जातं, म्हणून ते कुठे आहे हे लिहून ठेवावं लागतं.

यातून लगेच नवी अडचण उभी राहते. पुढच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत जातात आणि नवे लोक मागे मागे बसत जातात. थोड्या वेळाने शेवटची खुर्ची भरते. नवा माणूस आला तर त्याला 'जागा नाही' सांगायचं? पुढच्या खुर्च्या तर रिकाम्या पडल्या आहेत! म्हणून शेवटच्या खुर्चीनंतर पुन्हा पहिली खुर्ची येते असं मानायचं, जणू खुर्च्या गोल मांडल्या आहेत. सर्क्युलर क्यू ती हीच. मेमरी काही गोल नसते. गोलपणा फक्त आपल्या मोजण्यात असतो, आणि तो भागाकाराच्या बाकीने येतो: पाच खुर्च्या असतील तर आकड्याला पाचने भागायचं आणि बाकी घ्यायची. पाचची बाकी शून्य, सहाची एक.

हे एकदा हाताने केल्याशिवाय डोक्यात बसत नाही, तेव्हा करूनच पाहू. पाच खुर्च्या, नंबर 0 ते 4. चिठ्ठीवर दोनच आकडे ठेवू: `front`, म्हणजे पुढचा माणूस कुठल्या खुर्चीवर आहे, आणि `count`, म्हणजे एकूण किती जण बसले आहेत. सुरुवातीला दोन्ही शून्य. नवा माणूस बसणार ती खुर्ची `front` अधिक `count`, त्याला पाचने भागून उरलेली बाकी.

कमल आली. 0 अधिक 0, खुर्ची 0. खंडू आला, `count` एक झालेला आहे, म्हणून खुर्ची 1. गणेश 2 वर, घनश्याम 3 वर. आता `front` 0 आणि `count` 4.

कारकून म्हणाला 'पुढचा'. खुर्ची 0 वरची कमल उठून गेली. `front` झाला 1, `count` 3. पुन्हा 'पुढचा', खंडू गेला. `front` 2, `count` 2. गणेश आणि घनश्याम आपल्या जागेवर ढिम्म बसून आहेत, त्यांना कुणी हलवलं नाही.

चंदू आला. 2 अधिक 2 म्हणजे 4, खुर्ची 4. ही शेवटची खुर्ची. आता छाया आली. `count` 3 आहे, 2 अधिक 3 म्हणजे 5, पाचने भागून बाकी 0. छाया बसली खुर्ची 0 वर, जिथून कमल उठून गेली होती. मग जयू आली: 2 अधिक 4 म्हणजे 6, बाकी 1. ती खुर्ची 1 वर. `count` पाच झाला, रांग भरली. यानंतर कुणी आला तर त्याला जागा नाही.

इथे थांबून खुर्च्यांकडे डावीकडून उजवीकडे बघा: छाया, जयू, गणेश, घनश्याम, चंदू. विद्यार्थी या टप्प्यावर अ‍ॅरे छापून बघतात आणि घाबरतात. छाया तर सगळ्यात शेवटून दुसरी आली होती, ती पहिली कशी? पण अ‍ॅरेतला क्रम हा रांगेचा क्रम नाही. रांग सुरू होते `front` पासून, म्हणजे 2 पासून: गणेश, घनश्याम, चंदू, मग वळून छाया, जयू. क्रम अगदी शाबूत आहे. रांग तपासायची असेल तर अ‍ॅरे छापू नका, `front` पासून `count` इतके जण छापा.

कोडमध्ये हे सगळं एवढंच:

```python
class Queue:
    def __init__(self, size):
        self.a = [None] * size
        self.front = 0
        self.count = 0

    def enqueue(self, x):
        if self.count == len(self.a):
            raise OverflowError("full")
        rear = (self.front + self.count) % len(self.a)
        self.a[rear] = x
        self.count += 1

    def dequeue(self):
        if self.count == 0:
            raise IndexError("empty")
        x = self.a[self.front]
        self.a[self.front] = None
        self.front = (self.front + 1) % len(self.a)
        self.count -= 1
        return x
```

यात कुठेही लूप नाही, हे पाहा. रांग कितीही लांब असो, आत घ्यायला आणि बाहेर काढायला ठरावीक चार-पाच पायऱ्याच लागतात. `dequeue` मधली `None` ठेवण्याची ओळ गाळली तरी उत्तरं बरोबरच येतील, पण गेलेल्या माणसाची नोंद खुर्चीवर पडून राहील आणि त्याने धरलेली मेमरी सुटणार नाही. मोठ्या नोंदी असतील तर हे महागात पडतं.

बऱ्याच पाठ्यपुस्तकांत `count` ऐवजी `rear` साठवतात, म्हणजे पुढची रिकामी खुर्ची कुठली ते. चालतं, पण एक खड्डा आहे. वर जयू बसल्यानंतर पुढची बसायची जागा कुठली? 2 अधिक 5 म्हणजे 7, बाकी 2. म्हणजे `front` पण 2 आणि `rear` पण 2. आता सगळे उठून गेले असं समजा: `front` पाच घरं फिरून पुन्हा 2 वर आला, `rear` तिथेच 2. खचाखच भरलेली रांग आणि पूर्ण रिकामी रांग, दोन्हींची चिठ्ठी हुबेहूब सारखी. म्हणून ही पद्धत वापरणारे एक खुर्ची मुद्दाम कायम रिकामी ठेवतात: पाच खुर्च्यांवर चारच जण बसू देतात, म्हणजे `front` आणि `rear` सारखे असले तर रांग रिकामीच असणार. पुस्तकात 'एक जागा वाया जाते' असं वाक्य दिसलं तर त्याचं कारण हे. मला स्वतःला `count` ठेवणं जास्त आवडतं, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

दुसरा खड्डा खुर्च्या वाढवताना येतो. रांग भरली म्हणून तुम्ही दहा खुर्च्यांचा नवा अ‍ॅरे घेतला आणि जुन्या पाचही जशाच्या तशा कॉपी केल्या. आता `front` 2 आहे: गणेश, घनश्याम, चंदू हे 2, 3, 4 वर ठीक. चंदूनंतर पूर्वी वळून 0 वर यायचं होतं, पण आता खुर्च्या दहा आहेत, त्यामुळे पुढची खुर्ची 5, आणि ती रिकामी. छाया आणि जयू 0 आणि 1 वर तशाच बसून राहणार, कुणी बोलावणारच नाही. म्हणून वाढवताना जुन्या अ‍ॅरेच्या पहिल्या घरापासून नाही, तर `front` पासून क्रमाने कॉपी करायचं आणि नव्या अ‍ॅरेत `front` शून्य करायचा. ही चूक फसवी असते, कारण वाढवण्याच्या वेळी रांग वळलेली नसेल तर ती दिसतच नाही. आठवडाभर सगळं व्यवस्थित, आणि मग एक दिवस दोन नोंदी गायब.

रोजच्या कामात हे सगळं स्वतः लिहायची वेळ क्वचितच येते. पायथॉनमध्ये `collections.deque` घ्या: मागे जोडायला `append`, पुढून काढायला `popleft`, दोन्ही रांगेच्या लांबीवर अवलंबून नसतात. एवढंच बघा की त्याला `maxlen` दिलात आणि रांग भरली, तर तो नव्याला नाही म्हणत नाही. `append` केलं की समोरच्या टोकाचा, म्हणजे सगळ्यात जास्त वेळ थांबलेला माणूस, गुपचूप बाहेर फेकला जातो. शेवटच्या शंभर नोंदीच फक्त आठवणीत ठेवायच्या असतील तर हे छान आहे. तिकिटाच्या रांगेसाठी हा अन्याय आहे, आणि त्याची सूचनाही मिळत नाही. भरल्यावर थांबवून ठेवणारी रांग हवी असेल तर `queue.Queue(maxsize=5)` आहे, ती जागा होईपर्यंत नव्याला दाराशी उभं करते.

इथपर्यंत एकच खिडकी होती. आता एकाच रांगेला तीन खिडक्या जोडा, म्हणजे जी खिडकी मोकळी होईल तिथे पुढचा माणूस जाईल. गणेश पहिल्या खिडकीवर गेला, घनश्याम दुसऱ्या, चंदू तिसऱ्या. गणेशला पाच जणांची तिकिटं हवी आहेत आणि तो सुट्टे पैसे शोधतोय. चंदूचं एकच तिकीट. चंदू आधी बाहेर पडेल. रांगेने वचन मोडलं का? नाही. क्यूचं वचन 'तुझा नंबर आधी लागेल' एवढंच आहे, 'तुझं काम आधी संपेल' असं नाही. एकच कारकून असेपर्यंत या दोन गोष्टी सारख्याच दिसतात, म्हणून फरक लक्षात येत नाही. प्रोग्राम एकाच थ्रेडवर चालतो तोवर सगळं क्रमाने बाहेर येतं, आणि वेग वाढवायला कुणी तीन थ्रेड लावले की निकाल उलटसुलट यायला लागतात. मग लोक क्यूमध्ये चूक शोधत बसतात. ती तिथे नसते. काम संपण्याचा क्रमही जपायचा असेल तर प्रत्येकाला आत येतानाच नंबर द्या आणि बाहेर पडताना त्या नंबराने पुन्हा लावून घ्या.

तसंच, रांगेतून कुणीतरी हात वर करून 'माझी गाडी सुटतेय हो, मला आधी जाऊ द्या' म्हणतो आणि लोक त्याला पुढे जाऊ देतात. माणूस म्हणून योग्यच आहे. पण त्या क्षणी ती साधी क्यू राहिली नाही, प्रायॉरिटी क्यू झाली: जो आधी आला तो नव्हे, ज्याची निकड जास्त तो आधी. तिची आतली बांधणी पूर्ण वेगळी असते. साध्या क्यूमध्ये 'एवढ्या एकाच कारणासाठी' मध्ये घुसायची सोय करू नका, कारण निकडीचे लोक येतच राहिले तर साध्या माणसाचा नंबर कधीच न येण्याची शक्यता तयार होते, आणि मग रांगेच्या वचनाला अर्थ उरत नाही.

शेवटी रांगेच्या लांबीबद्दल थोडं, कारण खुर्च्या किती ठेवायच्या हा प्रश्न तुम्हाला येणारच. समजा दर वीस सेकंदांना एक माणूस येतो आणि एका तिकिटाला तीस सेकंद लागतात. तासात 180 आले, 120 गेले, 60 उरले. या क्षणी येणाऱ्याला साठ जणांचं होईपर्यंत, म्हणजे अर्धा तास, थांबावं लागेल. आणखी एका तासाने येणाऱ्याला एक तास. तुम्ही खुर्च्या पाचाच्या पाचशे केल्या तरी काही बदलत नाही, रांग भरायला थोडा जास्त वेळ लागेल एवढंच. क्यू तात्पुरती गर्दी झेलू शकते: गाडी यायच्या आधी दहा मिनिटं झुंबड, मग सामसूम. सामसुमीच्या वेळात साचलेली रांग उतरते. पण येण्याचा सरासरी वेगच जाण्याच्या वेगापेक्षा जास्त असेल तर त्यावर उपाय दुसरी खिडकी किंवा जलद कारकून, मोठी क्यू नव्हे. म्हणूनच चालू प्रोग्राममध्ये मी नुसती लांबी बघत नाही, समोर उभा असलेला माणूस किती वेळापासून थांबलाय ते बघतो. जलद खिडकीसमोरची हजारांची रांगही एका मिनिटात उतरू शकते, आणि तीनच जणांची रांग खिडकी बंद असल्यामुळे तासभर अडकलेली असू शकते. समोरच्याचं थांबणं वाढत चाललं असेल तर काहीतरी बिघडलंय, लांबी काहीही असो.

वरचा कोड स्वतः टाइप करा आणि आधी एकाच खुर्चीची रांग बनवून बघा: एक आत, एक बाहेर, पुन्हा एक आत. मग तीन खुर्च्यांची बनवून दहा जणांना आत-बाहेर करा, म्हणजे `front` तीनदा तरी वळसा घेईल. त्यानंतर खुर्च्या वाढवण्याची सोय जोडा आणि रांग वळलेली असतानाच वाढवून बघा. छाया आणि जयू बाहेर पडल्या तर कोड बरोबर आहे.